गुहेचा नियम आणि वाटेची खात्री
प्रस्तावना

संगणकावरच्या खेळात दर डावाला नवा नकाशा तयार व्हावा, ही हौस जुनी आहे. १९८० मध्ये मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांचा ‘रोग’ हा खेळ आला. त्यातले तळघर प्रत्येक डावाला नव्याने आखले जाई. पडद्याचे तीन बाय तीन असे नऊ भाग करायचे, भागाभागांत आयताकृती खोल्या टाकायच्या आणि त्या खोल्या बोळांनी जोडायच्या, अशी ती रचना होती. तिच्यात एक मोठी सोय आहे. कोणती खोली कोणत्या खोलीला जोडायची हे प्रोग्राम स्वतःच ठरवतो, त्यामुळे खेळाडूला सगळीकडे जाता येईल याची हमी आराखड्यातच असते. जोडणी आधी ठरते आणि आकार तिच्याभोवती येतो.

नैसर्गिक दिसणारी गुहा हवी असेल तर ही सोय हातची जाते. गुहेला खोल्या नसतात, बोळ नसतात, काटकोन नसतात. कुठे दालन रुंदावते, कुठे वाट चिंचोळी होते, मध्येच दगडाचा खांब उभा राहतो. असा आकार आखून मिळत नाही, तो घडू द्यावा लागतो. आकार आधी घडतो आणि जोडणीचा प्रश्न मागाहून उभा राहतो. या पुस्तिकेचा विषय हे दोन्ही टप्पे आहेत: सेल्युलर ऑटोमेटा वापरून गुहा घडवणे, आणि मग तिच्यातली प्रत्येक मोकळी जागा पोहोचण्याजोगी आहे याची खात्री करणे. पहिला टप्पा पटकन जमतो आणि डोळ्यांना सुखावतो. चुका बहुतेक दुसऱ्या टप्प्यात होतात, म्हणून या प्रस्तावनेत मी त्याला जास्त जागा दिली आहे.

सेल्युलर ऑटोमेटाची कल्पना १९४० च्या दशकात लॉस अलामॉस येथे स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमान यांच्या विचारमंथनातून पुढे आली. चौकटींचा पट घ्यायचा, प्रत्येक घराला एक अवस्था द्यायची, आणि सगळ्या घरांनी एकाच वेळी, फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे पाहून, पुढची अवस्था ठरवायची. सामान्य वाचकांना ही कल्पना कळली ती ऑक्टोबर १९७० मध्ये. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात जॉन कॉनवे यांच्या ‘गेम ऑफ लाइफ’ची ओळख करून दिली तेव्हा. कॉनवेंच्या नियमात आकृत्या जन्मतात, सरकतात, विरतात. पट सतत हलता असतो. गुहेला याच्या उलट स्वभावाचा नियम लागतो. तो थोड्या फेऱ्यांत शांत व्हायला हवा आणि मागे गुळगुळीत कडांचा आकार ठेवायला हवा.

तो नियम बहुमताचा आहे. पटावरचे प्रत्येक घर एकतर भिंत असते किंवा मोकळे. सुरुवातीला प्रत्येक घरासाठी सोडत काढायची आणि साधारण ४५ टक्के शक्यतेने ते भिंत करायचे. या अवस्थेत पटावर नुसती मुरमाड ठिपक्यांची गर्दी दिसते. मग फेऱ्या सुरू होतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक घर स्वतःला आणि आपल्या आठ शेजाऱ्यांना मोजते. या नऊंपैकी पाच किंवा अधिक भिंती असतील तर ते भिंत होते, नाहीतर मोकळे. नऊ हा विषम आकडा असल्याने बरोबरी होत नाही. हाच नियम ‘४-५ नियम’ म्हणूनही सांगितला जातो: आधीच भिंत असलेल्या घराला भिंत राहायला आठांपैकी चार भिंती पुरतात, मोकळ्या घराला भिंत व्हायला पाच लागतात. चार-पाच फेऱ्यांत ठिपके एकमेकांत मिसळतात, सुटे दगड विरघळतात, आणि पटावर गुहा दिसू लागते.

४५ हा आकडा कुठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण नकाशाचा सारा तोल त्याच्यावर आहे. पहिल्या फेरीपुरते गणित सोपे आहे, कारण तेव्हा सगळी घरे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. नऊ घरांत पाच किंवा अधिक भिंती येण्याची शक्यता काढली की झाले. ४५ टक्क्यांनी सुरुवात केली तर एका फेरीनंतर भिंतींचे प्रमाण सरासरी ३७.९ टक्क्यांवर येते. ४० टक्क्यांनी सुरुवात केली तर ते एकदम २६.७ पर्यंत घसरते. ५५ ने सुरुवात केली तर ६२.१ पर्यंत चढते, आणि बरोबर ५० वर असेल तर ५० च राहते. बहुमताचा नियम जिकडे थोडे झुकते माप असेल तिकडेच आणखी माप टाकतो. पुढच्या फेऱ्यांत शेजारी घरे एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे हेच गणित तसेच पुढे नेता येत नाही. पण कल तोच राहतो. म्हणून ४० च्या आसपास बहुतेक वेळा एकच ऐसपैस मैदान मिळते आणि त्यात तुरळक खांब उभे दिसतात. ५५ च्या आसपास दगडाच्या पोटात विखुरलेल्या लहान लहान पोकळ्या मिळतात. गुहेसारख्या फाटे फुटलेल्या जागा मिळतात त्या या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात.

गुळगुळीतपणा येतो तो कोपऱ्यांमुळे. भिंतीचा काटकोनी कोपरा मोकळ्या जागेत घुसला असेल, तर त्या टोकाच्या घराला नऊंपैकी फक्त चार भिंती मोजता येतात. पाच भरत नाहीत, म्हणून टोक झिजते. मोकळ्या जागेचा काटकोनी कोपरा दगडात घुसला असेल तर तोही याच हिशेबाने बुजतो. सरळ कडेवर मात्र प्रत्येक घराला आपल्या बाजूची सहा मते मिळतात, त्यामुळे ती टिकते. टोकदार ते झिजते आणि सरळ ते टिकते, एवढ्या एका गोष्टीतून नकाशाला नैसर्गिक वळण येते.

प्रोग्राम लिहिताना इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे नवी अवस्था वेगळ्या पटावर लिहायची आणि फेरी पूर्ण झाल्यावरच जुना पट टाकून द्यायचा. त्याच पटावर जागच्या जागी बदल केले तर वरचे आणि डावीकडचे शेजारी नव्या फेरीतले असतात, खालचे आणि उजवीकडचे जुन्या फेरीतले, आणि निकाल पट कोणत्या क्रमाने वाचला त्यावर अवलंबून राहतो. ही चूक ओळखायची खूण अशी: तीच सुरुवात आडवी उलटवून चालवायची. नियम बरोबर लिहिला असेल तर येणारी गुहा नेमकी पहिलीचे आडवे प्रतिबिंब असते. प्रतिबिंब जुळले नाही तर जागच्या जागी बदल होत आहेत असे समजावे. दुसरी गोष्ट कडेची. पटाबाहेरचे प्रत्येक घर भिंत धरायचे आणि सुरुवातीला कडेची सगळी घरेही भिंत करून ठेवायची. कडेच्या घराला बाहेरच्या तीन भिंती आणि कडेवरच्याच तीन भिंती, अशा निदान सहा भिंती कायम मिळतात, त्यामुळे कड एकाही फेरीत फुटत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या नियमाने घडलेल्या गुहेत एकट्या पडलेल्या पोकळ्या का उरतात? आणखी फेऱ्या दिल्या तर त्या बुजतील, असे नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांना वाटते. हातात आलेखकागद घेऊन दोन आकार तपासले की याचे उत्तर मिळते.

पहिला आकार घनदाट दगडात कोरलेली तीन बाय तीनची मोकळी खोली. तिच्या कोपऱ्यातल्या घराला मोकळी घरे दिसतात चारच: स्वतः, दोन बाजूंचे शेजारी आणि मधले घर. म्हणजे भिंती पाच, आणि कोपरा बुजतो. पहिल्या फेरीनंतर अधिकच्या चिन्हाचा आकार उरतो. दुसऱ्या फेरीत त्याच्या चार टोकांनाही चारच मोकळी घरे दिसतात, तीही बुजतात. उरलेले एकटे मधले घर तिसऱ्या फेरीत जाते. तीन फेऱ्यांत खोली नाहीशी झाली.

दुसरा आकार चार बाय चारच्या खोलीचा. पहिल्या फेरीत तिचेही चार कोपरे बुजतात आणि बारा घरांची, कोपरे कापलेली पोकळी उरते. आता तिच्या कडेवरचे कोणतेही घर घ्या. त्याला स्वतःसकट नेमकी पाच मोकळी घरे दिसतात. पाच म्हणजे बहुमत, म्हणून ते टिकते. बाहेरच्या एकाही भिंतीला मोकळे होण्याइतकी मते मिळत नाहीत. ही पोकळी दहा फेऱ्या चालवा की दहा हजार, तिच्यातले एकही घर बदलणार नाही.

एका घराच्या फरकाने एक खोली पुसली गेली आणि दुसरी कायमची राहिली. नियम दोन्ही ठिकाणी अगदी बरोबर वागला. बाहेर जायला वाट आहे की नाही, हा प्रश्न त्याने कोणत्याही घराला विचारलाच नाही. त्याला तो विचारता येणारही नाही, कारण त्याची नजर नऊ घरांपलीकडे पोहोचत नाही. पोहोचता येणे हा संपूर्ण नकाशाचा गुण आहे. सुरुवातीचे प्रमाण आणि फेऱ्यांची संख्या कितीही जुळवत बसलो तरी तो या नियमातून हमखास मिळत नाही. त्यासाठी वेगळे काम करावे लागते. पुढची सगळी प्रकरणे या एका विधानावर उभी आहेत.

खालचा नकाशा समजावण्यासाठी मुद्दाम नीटस काढला आहे. `#` म्हणजे भिंत, `.` म्हणजे मोकळे घर.

```
####################
###....######....###
##................##
##................##
###....######....###
####################
####################
####..#####....#####
###....###......####
###....###......####
####..#####....#####
####################
```

वर सांगितलेला नियम या नकाशावर लावून पाहा. एकही घर बदलत नाही. म्हणजे ऑटोमेटाच्या दृष्टीने काम संपले आहे. खेळाडूच्या दृष्टीने मात्र इथे तीन वेगळी जगे आहेत. वर दोन दालने आणि त्यांना जोडणारी दोन घरे रुंद वाट, खाली डावीकडे आपली ओळखीची बारा घरांची पोकळी, आणि उजवीकडे एक थोडी मोठी पोकळी. मोठ्या पोकळीत बाहेर नेणारा जिना पडला आणि खेळाडू वर उभा असला, तर तो डाव जिंकताच येणार नाही.

हे प्रोग्रामला कळावे म्हणून जी रीत वापरतात तिला फ्लड फिल म्हणतात. एखाद्या मोकळ्या घरात पाणी सोडावे आणि ते जिथवर जाईल तिथवरची घरे एका खुणेची धरावीत, इतकी ती सरळ आहे. पट ओळीओळीने वाचत जायचे. खूण नसलेले मोकळे घर भेटले की तिथून नव्या क्रमांकाने भरायला सुरुवात करायची आणि घरे मोजत जायचे.

```
def fill(g, mark, y, x, label):
    todo, n = [(y, x)], 0
    mark[y][x] = label
    while todo:
        y, x = todo.pop()
        n += 1
        for j, i in ((y-1,x), (y+1,x), (y,x-1), (y,x+1)):
            if not g[j][i] and mark[j][i] == 0:
                mark[j][i] = label
                todo.append((j, i))
    return n
```

इथे `g` मध्ये भिंत म्हणजे `True`, आणि `mark` मध्ये सुरुवातीला सगळीकडे शून्य. कड नेहमी भिंतच असल्यामुळे पटाबाहेर जाण्याची भीती नाही. घराला यादीत टाकतानाच खूण करायची, बाहेर काढताना नाही. नाहीतर तेच घर दोन-तीनदा यादीत शिरते आणि मोजणी चुकते. अनेक पुस्तकांत हीच रीत स्वतःला पुन्हा पुन्हा हाक मारणाऱ्या फंक्शनने लिहिलेली सापडते. लहान पटावर ती चालते. पण पायथनमध्ये अशा हाकांची नेहमीची मर्यादा १००० आहे, आणि मोठी गुहा ती सहज ओलांडते. लहान नकाशे नीट चालतात आणि मोठ्या नकाशावर प्रोग्राम कोसळतो, असे दिसले तर कारण बहुधा हेच असते. वरच्यासारखी यादी ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

आपल्या नकाशावर ही रीत चालवली तर तीन क्रमांक मिळतात: पहिल्याची ४८ घरे, दुसऱ्याची १२, तिसऱ्याची २०. एकूण मोकळी घरे ८०. म्हणजे सगळ्यात मोठा भाग ६० टक्के आहे आणि उरलेल्या ४० टक्के जागेला वाट नाही. पुढचा निर्णय या आकड्यांवरून घ्यायचा असतो.

निर्णयाआधी मात्र एक गोष्ट पक्की करावी लागते: ‘शेजारी’ कोणाला म्हणायचे? वरच्या प्रोग्राममध्ये मी चारच दिशा घेतल्या आहेत. ऑटोमेटाच्या मोजणीत आठ शेजारी होते, म्हणून इथेही आठ घ्यावेत असे मनात येते. ते धोक्याचे का, हे या तुकड्यावरून दिसेल.

```
###...
###...
###...
...###
...###
...###
```

मध्यभागी दोन मोकळ्या जागा फक्त कोपऱ्याला कोपरा लावून भेटतात. असा सांधा नियमाने आपोआप सुटेल, एकतर उघडेल किंवा बुजेल, असे वाटते. पण मोजून पाहा. मधल्या भिंतीच्या घराला स्वतःसकट पाच भिंती मिळतात, म्हणून ते भिंतच राहते. मधल्या मोकळ्या घराला चारच भिंती मिळतात, म्हणून ते मोकळेच राहते. हा सांधा पक्का स्थिर आहे. आता भरताना आठ दिशा घेतल्या तर प्रोग्राम सांगेल की दोन्ही जागा जोडलेल्या आहेत. खेळाडूला तिरके चालता येत नसेल तर तो मात्र कोपऱ्यापाशी अडकेल. ब्रायन वॉकर यांच्या ‘ब्रोग’ या खेळात तिरके चालता येते, पण भिंतीचा कोपरा कापून जाता येत नाही. अशा खेळातही हा सांधा बंदच असतो. म्हणून भरण्याच्या दिशा खेळाडूच्या चालीवरून ठरवाव्यात, ऑटोमेटाच्या मोजणीवरून नाही. शंका असेल तेव्हा चार दिशा घ्याव्यात. चार दिशांनी जोडलेली जागा आठ दिशांनीही जोडलेली असते, उलट तसे नसते.

पोकळ्या सापडल्यावर त्यांचे करायचे काय, याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे सगळ्यात मोठा भाग ठेवून बाकीचे दगडाने बुजवणे. हा मार्ग अगदी सरळ आहे आणि त्यात चुकायला जागा नाही. नवा बोळ खणला जात नसल्याने गुहेचा नैसर्गिकपणाही अबाधित राहतो. किंमत एवढीच की जागा कमी होते. आपल्या नकाशात ८० पैकी ३२ घरे जातील आणि २४० घरांच्या पटावर फक्त ४८ मोकळी उरतील, म्हणजे २० टक्के. एवढ्याशा जागेत खेळ रंगत नाही. म्हणून बुजवल्यावर उरलेल्या भागाचे पटाशी प्रमाण पाहावे आणि ते ठरवलेल्या किमान मर्यादेखाली असेल तर सगळा नकाशा टाकून नव्या सोडतीने पुन्हा सुरुवात करावी. पट मोठा असला तरी हे काम संगणकाला क्षणाचे आहे. सोडतीचा मूळ आकडा, म्हणजे सीड, मात्र नोंदवून ठेवावा. बिघडलेला नकाशा पुन्हा जसाच्या तसा काढता आला तरच त्याचे कारण शोधता येते.

दुसरा मार्ग पोकळी मुख्य गुहेला जोडण्याचा. पोकळीतले एक घर आणि मुख्य भागातले एक घर अशा सगळ्या जोड्यांतून सगळ्यात कमी अंतराची जोडी निवडायची आणि त्यांच्यामधला दगड खणायचा. आपल्या नकाशात डावी पोकळी वरच्या दालनाच्या अगदी खाली आहे; मध्ये फक्त दोन ओळींची भिंत. डावीकडून पाचव्या स्तंभात दोन घरे खणली की वाट झाली. पण ती नव्याने कापल्यासारखी दिसते, म्हणून कडा मऊ करायला आणखी एक फेरी द्यावीशी वाटते, आणि इथेच घात होतो. खणलेल्या दोनपैकी खालच्या घराला चारच मोकळी घरे दिसतात, त्यामुळे ते त्या फेरीत पुन्हा भिंत होते. वरच्या घराचा शेजारी मात्र मोकळा होतो. परिणामी दालनाच्या तळाला दोन घरांचा खळगा उरतो आणि वाट तुटलेली असते. पोकळी पुन्हा एकटी पडते, आणि प्रोग्रामला वाटत राहते की आपण जोडणी केली आहे.

उपाय रुंदीत आहे. तीच वाट पाचव्या आणि सहाव्या स्तंभात, दोन घरे रुंद खणली तर खणलेल्या प्रत्येक घराला निदान सहा मोकळी घरे दिसतात. बाजूच्या भिंतींनाही पुरेशा भिंती मिळतात. आता कितीही फेऱ्या द्या, वाट टिकते. घनदाट दगडातून जाणारी एक घर रुंद सरळ वाट या नियमापुढे उभी राहू शकत नाही, दोन घरे रुंद वाट राहते, हे लक्षात ठेवावे. चिंचोळी वाट मुद्दाम हवी असेल तर ती सगळ्या फेऱ्या संपल्यावरच खणावी आणि त्यानंतर नियमाला हात लावू नये.

२०१० मध्ये लॉरेन्स जॉन्सन, जॉर्जिओस यानाकाकिस आणि ज्युलियन टोगेलियस यांनी संपत नाही अशी गुहा खेळ चालू असतानाच घडवण्याची पद्धत मांडली. त्यांचा एकेक तुकडा ५० बाय ५० घरांचा होता. खेळाडू पुढे जाईल तसे शेजारचे तुकडे तयार होत, आणि दोन तुकड्यांमध्ये वाट नसेल तर ती खणली जाई. त्यांनीही बहुमताच्याच जातीचा नियम वापरला आणि जोडणीचे काम मात्र त्याच्यावर सोडले नाही. ते वेगळ्या पायरीने केले. हीच विभागणी या पुस्तिकेतही आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही सुरुवातीलाच सांगायला हव्यात. सेल्युलर ऑटोमेटा खऱ्या गुहेच्या घडणीचे अनुकरण करत नाही. मेघालयातल्या चुनखडीच्या गुहा पाण्याने दगड विरघळत विरघळत झाल्या आहेत, आणि पाणी दगडाच्या भेगा व थर धरून वाहते. त्यामुळे त्यांना दिशा असते, प्रवाह असतो, दूरवर जाणारे लांब पट्टे असतात. बहुमताच्या नियमाला दिशा नाही. त्याने घडवलेली गुहा सगळीकडे सारख्याच पोताची असते. एका कोपऱ्यातला तुकडा दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला तर फरक कळणार नाही. लांबच लांब नदीचा बोगदा, एखादे प्रचंड दालन, ठळक मुख्य मार्ग हवे असतील तर ते दुसऱ्या रीतीने आधी आखून घ्यावे लागतात, आणि या नियमाकडे फक्त कडा घडवण्याचे काम द्यावे लागते.

दुसरी मर्यादा ‘पोहोचता येते’ या शब्दांच्या अर्थाची. फ्लड फिल फक्त वाट आहे की नाही हे सांगते. ती किती लांब आहे, किती अरुंद आहे, एकाच घराच्या फटीवर अवलंबून आहे का, हे सांगत नाही. गुहा तयार झाल्यावर तिच्यात तळे, दरी किंवा लाव्हा टाकला तर आधीची खात्री रद्द होते, कारण पाण्याने भरलेले घर चालणाऱ्याच्या दृष्टीने भिंतच असते. ‘ब्रोग’मध्ये तळे टाकण्याआधी ते त्या जागी ठेवल्याने मजल्याचे तुकडे पडतील का, हे तपासले जाते, आणि पडत असतील तर ती जागा सोडली जाते. किल्ल्यांनी उघडणारी दारे असतील तर प्रश्न आणखी वाढतो. दार बंद धरून भरले असता किल्ली खेळाडूच्याच बाजूला पडते ना, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

पुस्तिका कोणासाठी आहे तेही सांगतो. ज्याला यादी, फिरती आज्ञा आणि दोन मितींचा पट एवढे लिहिता येते, त्याला ती पुरी पडेल. गणित टक्केवारीच्या पलीकडे जात नाही. पहिली तीन प्रकरणे नियमाची आहेत, नंतरची चार जोडणीची. जोडणीची प्रकरणे वाचताना आलेखकागद जवळ ठेवावा आणि प्रत्येक आकार आधी हाताने एक फेरी चालवून पाहावा. तीन बाय तीन आणि चार बाय चार खोल्यांमधला फरक स्वतः मोजला, की पडद्यावर एकटी पोकळी दिसताच ती का उरली हे लगेच सांगता येते.

या साऱ्यात क्रम महत्त्वाचा. आधी ठिपके, मग फेऱ्या, मग भाग मोजणे, मग बुजवणे किंवा जोडणे, मग तळी आणि दारे. आणि या प्रत्येक कामानंतर काय बदलले याचा अंदाज करत न बसता, नकाशा शेवटचा बदलून झाल्यावर खेळाडूच्या जागेपासून पुन्हा एकदा फ्लड फिल चालवायचे आणि भरलेली घरे एकूण मोकळ्या घरांइतकीच आहेत का ते पाहायचे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर नकाशा खेळाडूसमोर जाऊ द्यायचा नाही. गुहा सुंदर करण्याचे काम नऊ घरे पाहणाऱ्या नियमाचे आहे. ती खेळता येण्याजोगी आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार या शेवटच्या तपासणीचाच.